हातच्याची वाट न पाहणारी बेरीज

सात अधिक एक किती? चार बिटांची बेरीज करणाऱ्या सर्वांत साध्या सर्किटला हे विचारलं, तर ते आधी ६ दाखवतं, मग ४, मग ०, आणि शेवटी ८ वर येऊन स्थिरावतं. सर्किट बिघडलेलं नसतं. त्यातलं प्रत्येक गेट आपलं काम चोख करत असतं. तरीही खरं उत्तर येण्याआधी तीन चुकीची उत्तरं तारांवर उमटून जातात. सगळा प्रकार सेकंदाच्या एक कोटीव्या भागाच्या आत आटोपतो, त्यामुळे डोळ्यांना तो कळत नाही. प्रोसेसरला मात्र तो विसरून चालत नाही. उत्तर कोणत्या क्षणी उचलायचं हे त्याचं क्लॉक ठरवतं, आणि उचलण्याची घाई झाली तर सात अधिक एक बरोबर शून्य अशी नोंद होऊन पुढचा सगळा हिशेब त्यावर चालतो.

ही चुकीची उत्तरं कुठून येतात, आणि ६४ बिटांच्या बेरजेत ती वेळेत निवळावीत यासाठी काय केलं जातं, ते पाहू. या सगळ्याच्या मुळाशी आहे तो शाळेत शिकलेला हातचा.

एका घराची बेरीज

कॉम्प्युटरमधल्या संख्या ० आणि १ या दोनच अंकांत लिहिलेल्या असतात. आपल्या संख्येत एकक, दशक, शतक अशी घरं असतात. इथे १, २, ४, ८ अशी दुपटीने वाढत जाणारी घरं असतात. सात म्हणजे ०१११ आणि एक म्हणजे ०००१. बेरीज मात्र आपण कागदावर करतो तशीच होते: उजवीकडच्या घरापासून सुरुवात करायची, घरातले अंक मिळवायचे, आणि हातचा आला तर डावीकडच्या घरात न्यायचा.

कुठलंही एक घर घेतलं तर त्यात तीन बिट येतात. पहिल्या संख्येचा A, दुसऱ्या संख्येचा B, आणि उजवीकडून आलेला हातचा C. या तिघांत १ किती आहेत एवढंच घराला मोजायचं असतं. मोजणी ०, १, २ किंवा ३ भरते, आणि ती दोन बिटांत लिहिता येते: ००, ०१, १०, ११. यातला उजवा बिट हे त्या घराचं उत्तर. डावा बिट हा पुढच्या घराचा हातचा. ही मोजणी करणाऱ्या छोट्या सर्किटला फुल ॲडर म्हणतात.

उत्तराचा बिट कधी १ होतो? तिघांतले १ विषम असतील तेव्हा, म्हणजे एक किंवा तीन. हे काम एक्सॉर नावाचं गेट करतं: त्याच्या दोन तारांपैकी नेमक्या एकीवर १ असेल तेव्हाच ते १ देतं. असे दोन एक्सॉर एकामागे एक लावले की तिघांची विषमता कळते. हातच्याचा बिट १ होतो तो तिघांत किमान दोन १ असतील तेव्हा. त्याला दोन वाटा आहेत. एक तर A आणि B दोन्ही १ असतील. मग मागून काहीही आलं तरी हातचा जाणारच. नाहीतर A आणि B यांतला एकच १ असेल आणि मागून आलेला हातचाही १ असेल. सूत्रात हे असं लिहितात:

```
S    = A ⊕ B ⊕ C
Cout = A·B + C·(A ⊕ B)
```

इथे ⊕ म्हणजे एक्सॉर, ठिपका म्हणजे अँड, अधिक म्हणजे ऑर. इंजिनीअरिंगच्या प्रयोगशाळेत ट्रेनर किटवर हे जोडायला तीन प्रकारच्या आयसी लागतात: एक्सॉरसाठी ७४८६, अँडसाठी ७४०८ आणि ऑरसाठी ७४३२. दोन एक्सॉर, दोन अँड आणि एक ऑर, अशा पाच गेटांत एक घर तयार होतं.

सूत्राच्या दुसऱ्या ओळीकडे नीट पाहा. A·B आणि A ⊕ B या दोन्हींत C कुठेच नाही. मागून हातचा येवो न येवो, हे दोन बिट आधीच काढून ठेवता येतात. पुढचा सगळा वेग याच एका गोष्टीतून निघणार आहे.

सहा, चार, शून्य, आठ

चार घरांची बेरीज हवी असेल तर चार फुल ॲडर शेजारी शेजारी मांडायचे आणि प्रत्येकाचा हातचा त्याच्या डावीकडच्याला जोडायचा. उजवीकडून उठलेला हातचा तरंगासारखा एकेका घरातून पुढे सरकतो, म्हणून याला रिपल कॅरी ॲडर म्हणतात. रचना सोपी आहे, तारा आखूड आहेत आणि घरं कितीही वाढवता येतात.

अडचण वेळेची आहे. गेटच्या तारांवर नवे बिट आले की त्याचं उत्तर बदलायला थोडा वेळ लागतो. ७४ मालिकेतल्या नेहमीच्या गेटला साधारण १० नॅनोसेकंद लागतात. आजच्या प्रोसेसरमधलं गेट याहून कितीतरी जलद आहे, पण त्याचाही वेळ शून्य नाही. एका गेटच्या या वेळेला आपण एक डिले म्हणू. हिशेब सोपा राहावा म्हणून सगळ्या गेटांचा डिले सारखाच धरू, जरी प्रत्यक्षात एक्सॉरला थोडा जास्त लागतो.

आता ०१११ आणि ०००१ चारही घरांत एकाच क्षणी आले, आणि त्या क्षणी सगळे हातचे ० होते, असं धरू. पहिल्या डिलेनंतर प्रत्येक घराला आपापले A आणि B कळलेले असतात, पण मागून काय येतंय ते कळलेलं नसतं. हातचा नाही असं धरून घरं जे उत्तर देतात ते ०११०, म्हणजे ६. दरम्यान सर्वांत उजव्या घरात १ अधिक १ झाल्यामुळे तिथून हातचा निघतो. तो दुसऱ्या घरात पोचतो आणि तिथला १ चा ० होतो: ०१००, म्हणजे ४. दुसऱ्या घराचा हातचा तिसऱ्यात जातो, तिथेही १ चा ० होतो: ००००. शेवटी हातचा चौथ्या घरात पोचतो, तिथल्या ० चा १ होतो, आणि १००० म्हणजे ८ उभा राहतो.

प्रत्येक घर ओलांडायला हातच्याला दोन गेटं लागतात, एक अँड आणि एक ऑर. A आणि B यांची पूर्वतयारी एका डिलेत होते, मग दर घराला दोन डिले, आणि शेवटी उत्तराचा एक्सॉर. सगळं मोजलं तर चार घरांना ८ डिले, १६ घरांना ३२, ३२ घरांना ६४ आणि ६४ घरांना १२८. घरं दुप्पट झाली की वेळही दुप्पट.

हे प्रत्यक्ष पाहायचं असेल तर ऑसिलोस्कोपवर दिसतं. किटवरच्या चार घरांच्या ॲडरला A म्हणून ११११ आणि B म्हणून ०००० द्यायचे आणि सर्वांत उजव्या घराच्या हातच्याच्या तारेवर स्क्वेअर वेव्ह सोडायची. एका चॅनलवर हा येणारा हातचा घ्यायचा, दुसऱ्यावर चौथ्या घरातून बाहेर पडणारा हातचा. पडद्यावर दोन्ही लाटा सारख्याच दिसतात, पण दुसरी थोडी उजवीकडे सरकलेली असते. ते सरकणं म्हणजे आठ गेटांचा प्रवास, साधारण ८० नॅनोसेकंद.

सरासरीवर भागत नाही

दर बेरजेत हातचा इतका लांब जातो का? नाही. आर्थर बर्क्स, हर्मन गोल्डस्टाइन आणि जॉन फॉन नॉयमन यांनी १९४६ मध्ये कॉम्प्युटरच्या रचनेवर लिहिलेल्या अहवालात हाच प्रश्न घेतला होता. कुठल्याही दोन ४० बिटी संख्या उचलल्या, तर सर्वांत लांब पळणारा हातचा सरासरी पाचेक घरांच्या आसपासच जातो, असं त्यांच्या गणितातून निघालं. मग एवढी चिंता कशाला?

कारण क्लॉक सरासरी पाहत नाही. क्लॉकचा ठोका पडतो तेव्हा तारांवर जे असेल ते उचललं जातं. त्यामुळे दोन ठोक्यांमधलं अंतर सर्वांत लांब हातच्यालाही पुरेल इतकं ठेवावं लागतं, मग तो कितीही क्वचित येवो. शिवाय तो तितका क्वचित येतच नाही. प्रोसेसर वजाबाकीही याच ॲडरवर करतो: वजा करायच्या संख्येचे सगळे बिट उलटवायचे आणि सर्वांत उजव्या घरात बाहेरून एक हातचा द्यायचा. समजा दोन संख्या सारख्या आहेत का हे तपासण्यासाठी त्या एकमेकींतून वजा केल्या, आणि त्या खरोखरच सारख्या निघाल्या. मग एकीचा बिट १ तिथे दुसरीचा उलटवलेला बिट ०, आणि एकीचा ० तिथे दुसरीचा १. प्रत्येक घरात नेमका एकच १. बाहेरून दिलेला हातचा उजव्या टोकापासून डाव्या टोकापर्यंत एकही घर न चुकवता जातो. लूप संपला का, हवा तो आकडा सापडला का, असे प्रश्न प्रोग्रॅममध्ये सतत विचारले जातात, आणि त्यांचं उत्तर होकारार्थी येतं तेव्हा नेमका हा सर्वांत लांब प्रवास घडतो.

क्लॉक गरजेपेक्षा जलद ठेवलं तर येणारी चूक फसवी असते. बहुतेक बेरजा बरोबर येतात, म्हणून सर्किट ठीक वाटतं. चुकतात त्या लांब हातच्याच्या बेरजा, आणि त्यांतलेही डावीकडचे बिट. चिप तापली किंवा व्होल्टेज उतरलं की गेटं मंदावतात आणि चुका वाढतात. क्लॉक हळू केलं की त्या नाहीशा होतात. ही लक्षणं दिसली तर दोष जोडणीत नसून वेळेत आहे हे ओळखावं. म्हणूनच ॲडर तपासताना कुठल्याही चार संख्या घालून भागत नाही. सगळे १ असलेली संख्या अधिक १ ही बेरीज त्यात हवीच.

घराचा स्वभाव

आता दशमान बेरीजच घ्या: ३४७२ अधिक ६५२९. नेहमीच्या पद्धतीने उजवीकडून सुरुवात करण्याऐवजी सगळी घरं एकदम पाहा. एककाच्या घरात २ आणि ९ मिळून ११ होतात. इथून हातचा निघणार, मागचं काही विचारायलाच नको. दशकाच्या घरात ७ आणि २ मिळून ९. इथे स्वतःचा हातचा नाही, पण मागून आला तर तो तसाच पुढे जाईल. शतकात ४ आणि ५ मिळून ९, हजारात ३ आणि ६ मिळून ९. म्हणजे एककात उठलेला हातचा थेट दहा हजारांच्या घरात पोचणार, हे एकही बेरीज पुरी न करता कळलं. उत्तर १०,००१.

घराच्या अंकांची बेरीज १० किंवा जास्त असेल तर ते घर हातचा निर्माण करतं. नेमकी ९ असेल तर आलेला हातचा पुढे सोडतं. ८ किंवा कमी असेल तर आलेला हातचा तिथेच जिरतो. हातचा आहे की नाही हे मागच्या घरांवर अवलंबून असतं. हातचा आला तर हे घर त्याचं काय करेल, हे मात्र फक्त त्या घरातल्या दोन अंकांवर ठरतं. पहिल्या गोष्टीसाठी थांबावं लागतं, दुसरीसाठी नाही.

चार्ल्स बॅबेजच्या हे १८३० च्या दशकातच लक्षात आलं होतं. त्याच्या नियोजित ॲनालिटिकल इंजिनमध्ये दातेरी चाकांवर मोठमोठ्या दशमान संख्या मांडल्या जाणार होत्या. सगळ्या घरांतले अंक एकदम मिळवता येत होते, पण हातचे एकेक करून पुढे नेण्यातच जास्त वेळ जात होता. त्याने यावर जी यंत्रणा आखली तिला त्याने हातच्याचा आगाऊ अंदाज घेणारी यंत्रणा असंच नाव दिलं. जी चाकं ९ वर थांबली असतील ती एकमेकांशी जोडली जायची, आणि हातचा आला की ती सगळी साखळी एकदम पुढे सरकायची. पूर्ण इंजिन त्याच्या हयातीत तयार झालं नाही. इलेक्ट्रॉनिक सर्किटमध्ये हीच युक्ती १९५० च्या दशकात पद्धतशीर मांडली गेली. अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समधले आर्नोल्ड वाइनबर्गर आणि जे. एल. स्मिथ यांनी १९५६ मध्ये एका मायक्रोसेकंदात बेरीज करणाऱ्या ॲडरचं वर्णन प्रसिद्ध केलं. या पद्धतीला कॅरी लुकअहेड म्हणतात.

दोनच अंक असले की नियम आणखी सुटसुटीत होतो. दोन्ही बिट १ असतील तर घर हातचा निर्माण करतं. या बिटाला G म्हणतात, आणि तो म्हणजे A·B. नेमका एक बिट १ असेल तर घर हातचा पुढे सोडतं. हा P, म्हणजे A ⊕ B. फुल ॲडरच्या सूत्रात C शिवाय काढता येणारे जे दोन बिट दिसले होते, तेच हे. ते ६४ घरांत एकाच वेळी, एका डिलेत तयार होतात.

आता पहिल्या चार घरांचे हातचे लिहून पाहू. घरांना उजवीकडून ०, १, २, ३ असे क्रमांक दिले आहेत, आणि C0 हा बाहेरून आलेला हातचा:

```
C1 = G0 + P0·C0
C2 = G1 + P1·G0 + P1·P0·C0
C3 = G2 + P2·G1 + P2·P1·G0 + P2·P1·P0·C0
C4 = G3 + P3·G2 + P3·P2·G1 + P3·P2·P1·G0 + P3·P2·P1·P0·C0
```

शेवटची ओळ वाचायला अवघड नाही. चौथ्या घरातून हातचा बाहेर पडेल, जर त्याने स्वतःच तो निर्माण केला असेल. किंवा आधीच्या घराने निर्माण केला असेल आणि चौथ्याने पुढे सोडला असेल. किंवा त्याच्याही आधीच्या घराने निर्माण केला असेल आणि पुढच्या दोघांनी सोडला असेल. असं करत करत C0 पर्यंत. उजव्या बाजूला C1, C2, C3 यांपैकी कोणीच नाही. C4 काढायला C3 ची वाट पाहावी लागत नाही. सगळे अँड एकदम चालतात, मग सगळे ऑर एकदम. P आणि G साठी एक डिले, अँड आणि ऑर मिळून दोन, आणि उत्तराच्या एक्सॉरसाठी एक. रिपलला ८ डिले लागत होते तिथे आता ४ पुरतात, आणि सात अधिक एक करताना चारऐवजी शून्य दिसण्याइतका वेळ मधे उरतच नाही.

चार घरांचं एक घर

मग ६४ घरांसाठी अशीच ६४ ओळींची सूत्रं लिहिली तर तिथेही चारच डिले लागतील का? कागदावर लागतील. प्रत्यक्षात C64 साठी ६५ तारा एकत्र घेणारं गेट हवं, आणि असं गेट जलद चालत नाही. गेटमध्ये ट्रान्झिस्टर एकामागे एक जोडलेले असतात. जितक्या तारा जास्त, तितकी ती रांग लांब आणि गेट मंद. शिवाय उजवीकडच्या घराचा P0 पुढच्या डझनावारी गेटांना पुरवावा लागतो, आणि इतक्या गेटांचा भार उचलणारी तारही सावकाश बदलते. चार-पाच तारांच्या पलीकडे ‘एका गेटचा एक डिले’ हा हिशेबच खरा उरत नाही.

यावरचा उपाय मला या सगळ्या विषयातला सर्वांत देखणा भाग वाटतो. चार घरांचा गट केला, तर तो गटही एखाद्या घरासारखाच वागतो. गट स्वतः हातचा निर्माण करतो, किंवा आलेला पुढे सोडतो, किंवा जिरवतो. चारही घरं हातचा पुढे सोडणारी असतील तरच गट तो सोडतो, म्हणून गटाचा P म्हणजे चार P चा अँड. गटाचा G म्हणजे वरच्या C4 च्या ओळीतला C0 ची संज्ञा वगळून उरलेला भाग. म्हणजे जी सूत्रं घरांना लागू होती तीच गटांना लागू होतात, आणि चार गटांच्या मोठ्या गटालाही.

एक १६ बिटांची बेरीज करून पाहू: १४,९४० अधिक ९,६३८.

```
  0011 1010 0101 1100
+ 0010 0101 1010 0110
```

उजवीकडून पहिला गट: १२ आणि ६ मिळून १८. चार बिटांत जास्तीत जास्त १५ मावतात, तेव्हा हा गट हातचा निर्माण करतो. दुसरा गट: ५ आणि १० मिळून १५, हा पुढे सोडतो. तिसरा: १० आणि ५, पुन्हा १५, हाही सोडतो. चौथा: ३ आणि २ मिळून ५, बाहेरून आलेला हातचा याच्यात मावून जाईल. चारही गटांचे स्वभाव एकाच वेळी, तिसऱ्या डिलेपर्यंत कळतात. त्यावरून दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या गटात शिरणारे तिन्ही हातचे पाचव्या डिलेला एकदम मिळतात; इथे तिन्ही १ आहेत. त्यानंतर प्रत्येक गट आपल्या आतले हातचे स्वतंत्रपणे काढतो, सातव्या डिलेपर्यंत. आठव्याला उत्तर तयार:

```
  0110 0000 0000 0010
```

म्हणजे २४,५७८. याच दोन संख्या रिपल कॅरीला दिल्या, तर पहिल्या गटात उठलेला हातचा पुढची दहा घरं एकेक करून ओलांडत जातो आणि उत्तर स्थिर व्हायला २३ डिले लागतात. सर्वांत वाईट जोडी दिली तर ३२.

६४ बिटांना गटांचा आणखी एक थर चढवायचा. वेळ ८ वरून १२ डिले होतो. चार घरांना ४, सोळा घरांना ८, चौसष्टांना १२: घरं चौपट झाली की वेळेत फक्त चारची भर पडते. रिपल कॅरीत ६४ घरांना १२८ लागत होते.

बाजारातल्या चिपमध्येही हेच प्रमाण दिसत होतं. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने १९७० मध्ये ७४१८१ ही चार बिटांची अंकगणित करणारी आयसी आणली. ती आपल्या चार बिटांच्या गटाचे P आणि G वेगळ्या पिनांवर बाहेर देत असे. सोबतची ७४१८२ ही आयसी चार गटांचे P आणि G घेऊन त्यांचे हातचे काढून देत असे. या जोडीच्या साध्या आवृत्तीच्या माहितीपत्रकात चार बिटांच्या बेरजेला २४ नॅनोसेकंद, सोळा बिटांना ३६ आणि चौसष्ट बिटांना ६० असे आकडे दिलेले होते. बिट सोळापट, वेळ अडीचपट. झेरॉक्सच्या १९७३ मधल्या आल्टो कॉम्प्युटरचं अंकगणित अशाच चार ७४१८१ आयसींवर चालत असे.

किंमत आणि मर्यादा

हा वेग फुकट मिळत नाही. जादा गेटं लागतात, ती जागा घेतात, वीज खातात, आणि लांबवर तारा न्याव्या लागतात. क्लॉक मुळातच सावकाश असेल तर रिपल कॅरी पुरतो आणि तोच वापरावा. चिपच्या आराखड्यात सर्वांत उशिरा पोचणारा मार्ग कोणता, हे सॉफ्टवेअर मोजून सांगतं. तो मार्ग ॲडरमधून जात नसेल तर ॲडर जलद करून काहीच हाती लागत नाही.

एफपीजीए या पुन्हा पुन्हा जोडता येणाऱ्या चिपमध्ये तर हिशेब उलटा फिरतो. तिथे शेजारच्या घरांमधला हातचा नेण्यासाठी खास वाट आधीच कोरून ठेवलेली असते आणि ती चिपमधल्या इतर कुठल्याही जोडणीपेक्षा जलद असते. प्रोग्रॅममध्ये सरळ `a + b` लिहिलं तर ती वाट वापरली जाते. लुकअहेडची सूत्रं हाताने लिहिली तर तीच बेरीज सामान्य जोडण्यांमधून फिरते आणि बहुतेक वेळा हळू होते. गेटं मोजून काढलेला वेळ तारांचा वेळ धरत नाही, याचं हे सर्वांत स्पष्ट उदाहरण आहे.

प्रोसेसरमध्ये मात्र गट करण्याची कल्पना पुढे आणखी ताणली गेली. पीटर कॉगी आणि हॅरल्ड स्टोन यांनी १९७३ मध्ये मांडलेल्या रचनेत आधी शेजारच्या दोन-दोन घरांचे स्वभाव एकत्र करतात, मग चार-चार, आठ-आठ, आणि हे प्रत्येक घरासाठी एकाच वेळी करतात. ६४ घरं सहा पायऱ्यांत संपतात, पण तारांची गर्दी फार होते. ब्रेंट आणि कुंग यांच्या १९८२ च्या रचनेत तारा बऱ्याच कमी लागतात, त्याबदल्यात पायऱ्या वाढतात. जागा, वीज आणि वेळ यांतलं काय परवडतं ते पाहून या दोन टोकांमधली रचना निवडली जाते.

याच्याही पुढे जाता येईल का? फारसं नाही, आणि ते साध्या मोजणीने कळतं. ६४ बिटांच्या बेरजेत शेवटचा हातचा १२९ बिटांवर अवलंबून असतो: दोन्ही संख्यांचे ६४-६४ आणि बाहेरून आलेला एक. दोन तारांची गेटं वापरली तर एका थरात दोन बिटांची माहिती एकत्र येते, दोन थरांत चारांची, तीन थरांत आठांची. सात थरांत १२८ बिट होतात, म्हणजे १२९ साठी आठ थर लागणारच. यातून कुठल्याही युक्तीने सुटका नाही. रिपल कॅरी या किमान मर्यादेपासून फार दूर होता, कारण तो प्रत्येक घराला शेजाऱ्याची वाट पाहायला लावत होता. लुकअहेडने घराला स्वतःपुरतं जे ठाऊक असतं ते आधी विचारलं, आणि उरलेली वाट तेवढीच ठेवली जी कुणालाच टाळता येत नाही.